गाण्याच्या ठेक्यावर ६:३० चा पेस: पावलं मोजण्यापासून गाण्यांची यादी लावण्यापर्यंत

गाण्याच्या तालावर धावायचं असं ठरवलं तेव्हा मी सगळ्यात सोपा मार्ग धरला. १८० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला १८० ठोके असलेल्या गाण्यांची, तयार यादी उतरवून घेतली आणि निघालो. पेस हवा होता ६:३० चा, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं. पहिला किलोमीटर ६:१२ मध्ये गेला, छाती भरून आली. चौथा किलोमीटर ६:५० ला पडला. गंमत म्हणजे चारही किलोमीटर माझं प्रत्येक पाऊल ठेक्यावर अचूक पडत होतं.

तेव्हा डोक्यात जे शिरलं नव्हतं ते आधीच सांगतो. गाणं तुमच्या पावलांची संख्या बांधतं. एकेक पाऊल किती लांब पडतं ते गाण्याच्या हातात नाही. पेस या दोन्हींच्या गुणाकारातून येतो. त्यामुळे 'अमुक पेससाठी अमुक बीपीएम' असा सगळ्यांना चालणारा तक्ता असूच शकत नाही. तो आकडा स्वतःच्या पायांवरूनच काढावा लागतो. कसा, ते खाली ६:३० चंच उदाहरण घेऊन लिहिलं आहे.

काय काय लागेल

- नक्की अंतर माहीत असलेली सपाट वाट. ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर उत्तम, पण मोजायचं ते सगळ्यात आतल्या लेनमध्येच. बाहेरच्या लेनची फेरी लांब भरते.
- स्टॉपवॉच किंवा लॅप नोंदवणारं घड्याळ.
- फोनवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरवलेल्या लयीत टिकटिक करणारं, कोणतंही ॲप.
- गाण्यांच्या फाइली आणि त्यांची लय बदलायला Audacity सारखा प्रोग्रॅम.
- वही-पेन. मोजलेले आकडे डोक्यात राहतील असं वाटतं, पण दुसऱ्या फेरीपर्यंत पहिली फेरी विसरलेली असते.

१. गाणी बाजूला ठेवा, पावलं मोजा

पहिला दिवस बिनगाण्याचा. पंधरा मिनिटं अंग मोकळं करून घ्या. मग चार वेगवेगळ्या पेसना एकेक-दोनदोन फेऱ्या मारा, मध्ये चालत दम घ्या. फेरीच्या मध्यावर, लय बसलेली असताना, पूर्ण एक मिनिट फक्त उजवं पाऊल मोजा आणि आकडा दुप्पट करा. तो तुमचा केडन्स.

मोजताना पहिल्या पावलाला 'शून्य' म्हणा, 'एक' नाही. क्षुल्लक वाटेल, पण 'एक' पासून सुरुवात केली की उजव्या पायाचं एक पाऊल जास्त मोजलं जातं आणि दुप्पट केल्यावर चूक दोनाची होते. अर्धाच मिनिट मोजून चौपट करणाऱ्यांची तर चाराची. पुढे दिसेल की आपल्याला एकेका आकड्याशी मतलब आहे.

माझे आकडे असे आले:

| पेस (प्रति किमी) | ४०० मी. फेरी | केडन्स | पावलाची लांबी |
|---|---|---|---|
| ७:३० | १८० सेकंद | १६१ | ८२.८ सेंमी |
| ७:०० | १६८ सेकंद | १६३ | ८७.६ सेंमी |
| ६:३० | १५६ सेकंद | १६६ | ९२.७ सेंमी |
| ६:०० | १४४ सेकंद | १६९ | ९८.६ सेंमी |

आकडे तुमचे वेगळे येतील, पण तक्त्याची ठेवण बहुतेकांची अशीच असते. ७:३० वरून ६:०० वर येताना वेग २५ टक्क्यांनी वाढला. केडन्स मात्र जेमतेम ५ टक्के वाढला; बाकीचं सगळं काम पावलाच्या लांबीने केलं. म्हणजे सावकाश धावायची गाणी आणि जोरात धावायची गाणी यांच्यात माझ्या बाबतीत फक्त आठ बीपीएमचा फरक आहे. 'जोरात धावायचंय, मग ठेका वीसने वाढवू' हा हिशेब इथेच कोलमडतो.

आता त्या १८० विषयी. अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली आणि जवळपास सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. ते जगातले निवडक धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगात होते. ते निरीक्षण हळूहळू सगळ्यांसाठीचा नियम होऊन बसलं. माझ्या पेसला १८० हवे असतील तर पाऊल साडेपंच्याऐंशी सेंटिमीटरचं ठेवावं लागेल, म्हणजे नेहमीपेक्षा सात सेंटिमीटर आखूड. पहिल्या किलोमीटरला मी ते तेवढं आखूड केलंच नाही, म्हणून ६:१२. दमल्यावर ते ८१ पर्यंत आखडलं, म्हणून ६:५०.

२. गणित एकदाच करून ठेवा

```
केडन्स × पावलाची लांबी (मीटर) = वेग (मीटर प्रति मिनिट)
१००० ÷ पेस (मिनिटं) = वेग (मीटर प्रति मिनिट)
```

६:३० म्हणजे ६.५ मिनिटं. कॅल्क्युलेटरवर ६.३० टाकाल तर तो पेस ६:१८ चा होईल आणि पुढचं सगळं चुकेल. मी एकदा पूर्ण तक्ता असाच चुकवला आहे. १००० ÷ ६.५ म्हणजे १५३.८ मीटर प्रति मिनिट. त्याला १६६ ने भागलं की ०.९२७ मीटर, म्हणजे ९२.७ सेंटिमीटर.

घड्याळातले आकडे वापरणार असाल तर एक खात्री करून घ्या. काही उपकरणं एकाच पायाची पावलं मोजून ८३ दाखवतात. काही ठिकाणी 'स्ट्राइड' म्हणजे एक पाऊल, तर काही ठिकाणी उजव्या पायापासून पुन्हा उजव्या पायापर्यंतची दोन पावलं. घड्याळातला केडन्स आणि स्ट्राइड यांचा गुणाकार करा. वेग बरोबर आला तर ठीक, निम्मा किंवा दुप्पट आला तर कुठेतरी एक पाय सुटला आहे किंवा जास्त धरला आहे.

आता कामाचे दोन आकडे. ६:३० च्या आसपास ठेका एका बीपीएमने चुकला तर किलोमीटरमागे साधारण सव्वादोन सेकंदांचा फरक पडतो. पाऊल एक सेंटिमीटरने चुकलं तर सव्वाचार सेकंदांचा. एक सेंटिमीटर म्हणजे बोटाच्या नखाएवढं अंतर, धावताना ते कळतही नाही. पेस हातातून निसटतो तो बहुतेक वेळा इथूनच.

३. गाण्याचा खरा बीपीएम काढा

गाण्याच्या नावापुढे लिहिलेल्या बीपीएमवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आपोआप लय ओळखणारे प्रोग्रॅम हमखास एक चूक करतात, ती म्हणजे दुप्पट किंवा निम्मा आकडा देणं. ८३ लिहिलेलं गाणं तुमच्या १६६ ला अगदी बरोबर बसतं, फक्त प्रत्येक ठोक्यात दोन पावलं टाकायची. म्हणून शोधताना १६६ आणि ८३ दोन्हींच्या आसपासची गाणी बघा. उलट बाजूने, १६६ लिहिलेलं एखादं संथ गाणं ऐकायला ८३ चंच वाटतं. ते चालतं, पण मधल्या पावलाला आधार देणारं काहीतरी, एखादा खुळखुळा, तबल्याची भरणी, गिटारचा खटका, असायला हवं. तसं काहीच नसेल तर मधलं पाऊल भरकटतं.

स्वतः मोजायचं तर खुर्चीत बसून पाय आपटत एक मिनिट मोजा, पुन्हा शून्यापासून. मग तेच गाणं शेवटच्या मिनिटाला पुन्हा मोजा. ही पायरी टाळू नका. ज्या जुन्या ध्वनिमुद्रणांत वादक सगळे एकत्र बसून वाजवत, त्यांत लय पुढेमागे होते. सुरुवातीला १६४ आणि शेवटच्या अंतऱ्याला १७० असं गाणं ऐकायला सुरेख लागतं, पण धावताना ते तुम्हाला नकळत ओढून नेतं. मैफिलीतली मुद्रणं तर मी घेतच नाही.

ठेक्याचा प्रकारही बघावा. आठ मात्रांच्या केहरव्यात किंवा चार मात्रांच्या पाश्चात्त्य ठेक्यात जोराची मात्रा दर वेळी एकाच पायावर येते. मी काही आठवडे अशाच गाण्यांवर धावलो आणि बुटाचा डावा तळ उजव्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला. समेवर डावा पाय मी जरा आपटतच होतो. तेव्हापासून दर नव्या गाण्याला सम दुसऱ्या पायावर घेतो; एखादं छोटं पाऊल मध्ये घातलं की पाय बदलतो. दादऱ्यात ही अडचण येत नाही, कारण पहिली आणि चौथी मात्रा आपोआप वेगवेगळ्या पायांवर पडते.

४. गाणी थोडी आवळा किंवा सैल करा

नेमकी १६६ ची सोळा-सतरा आवडती गाणी मिळणं कठीण. १५८ ते १७४ मधली (किंवा ७९ ते ८७ मधली) गोळा करा आणि सगळी १६६ वर आणा. पाच टक्क्यांपर्यंतचा बदल माझ्या कानाला खटकत नाही. त्यापलीकडे गायकाचे शब्द घाईत किंवा झोपेत म्हटल्यासारखे वाटू लागतात.

Audacity मध्ये गाणं पूर्ण निवडून `Effect` → `Pitch and Tempo` → `Change Tempo` इथे जा आणि जुना व नवा बीपीएम लिहा. `Change Speed and Pitch` निवडू नका, त्याने लयीबरोबर सूरही बदलतो. खूप फाइली असतील तर ffmpeg या प्रोग्रॅमची एका ओळीची आज्ञा जास्त सोयीची. १६० चं गाणं १६६ वर न्यायचं तर १६६ ÷ १६० म्हणजे १.०३७५:

```
ffmpeg -i gaane.mp3 -filter:a "atempo=1.0375" gaane_166.mp3
```

झाल्यावर पुन्हा एकदा मोजा. मूळ आकडा चुकलेला असेल तर नवा आकडाही तितकाच चुकलेला निघतो.

५. यादी जोडताना सांधे सांभाळा

लय बिघडते ती बहुधा दोन गाण्यांच्या सांध्यावर. एक गाणं विरत जातं, दुसऱ्याचा आलाप सुरू होतो, आणि मधली वीस-तीस सेकंदं पायांना धरायला काहीच नसतं. तेवढ्यात पाय आपल्या जुन्या सवयीवर जातात. म्हणून सुरुवातीचा बिनठेक्याचा भाग आणि शेवटचं विरणं कापून टाका.

फोनवरची क्रॉसफेड सोय बंद ठेवा. दोन गाणी एकमेकांवर चढली की लय एकच असूनही ठोके एकमेकांच्या अधेमधे पडतात, आणि पाय अक्षरशः अडखळतो. सगळी गाणी एकाच लांब फाइलीत, ठोक्याला ठोका जुळवून सांधली तर सगळ्यात चांगलं. तेवढा वेळ नसेल तर गाण्यांमधलं अंतर शून्य ठेवा, काम भागतं. शफल अर्थातच नको.

ब्लूटूथमुळे आवाज उशिरा येतो, मग ठेका चुकणार नाही का, असं काही जण विचारतात. नाही. उशीर सगळ्या ठोक्यांना सारखाच असतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर बदलत नाही. रस्त्यावर धावत असाल तर मात्र एक कान मोकळा ठेवा. लय एका कानानेही तितकीच कळते. आणि स्पर्धेत उतरायचं असेल तर इअरफोन चालतात का ते आयोजकांच्या नियमांत आधी वाचून घ्या.

६. ठेका सापडला, आता लांबी धरायला शिका

पहिल्या दोन-तीन वेळा गाणी नकोत, नुसता मेट्रोनोम १६६ वर लावा. ट्रॅकवर या आणि टिकटिकीवर पाऊल टाकत एक फेरी मारा. फेरी १५६ सेकंदांत झाली पाहिजे. माझी पहिली फेरी १६२ ला आली. पावलं १६६ च होती, म्हणजे लांबी भरली ८९ सेंटिमीटर.

इथे सगळे एकच चूक करतात, मीही केली. लांबी वाढवायची म्हणून पाय पुढे टाकतात. टाच शरीराच्या बरीच पुढे टेकते, प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक लागतो आणि गुडघ्यावर भार येतो. लांबी मागून यायला हवी. पाय शरीराच्या जवळजवळ खालीच टेकू द्या आणि मागे जाताना जमीन जरा जास्त ढकला. ओळखायची खूण आवाजात आहे. पाय पुढे टाकत असाल तर 'थाड' असा आवाज येतो आणि पाऊल ठेक्याच्या किंचित मागे पडतं. ढकलत असाल तर पाऊल हलकं आणि ठेक्यावर येतं.

सलग सहा फेऱ्या १५४ ते १५८ सेकंदांत आल्या की मेट्रोनोमच्या जागी गाणी लावा. मला त्याला तीन आठवडे लागले, आठवड्यातून दोन वेळा.

रस्त्यावर घड्याळातला त्या क्षणाचा पेस बघत राहू नका. तो ६:१० आणि ६:५० यांच्यामध्ये उगाच नाचत असतो. किलोमीटरचा लॅप बघा. चढावर ठेका तोच ठेवा आणि पाऊल आखूड होऊ द्या. पेस घसरेल, घसरू द्या. चढावर ९२ सेंटिमीटर धरून ठेवण्याचा हट्ट केलात तर त्याची वसुली पुढच्या सपाटीवर होते.

७. माझे दहा किलोमीटर

वाट सपाट, सगळी गाणी १६६ ची, लक्ष्य ६५ मिनिटं. लॅप असे पडले: ६:२९, ६:३०, ६:२८, ६:३१, ६:३१, ६:३३, ६:३६, ६:४१, ६:३६, ६:२९. एकूण ६५:२४.

पाचव्या किलोमीटरपर्यंत सगळं सुरळीत. सहाव्यापासून सेकंद गळू लागले, आणि गाणं ते लपवत होतं. पाय ठेक्यावरच होते, त्यामुळे आपण मंदावलोय असं वाटतच नव्हतं. आठव्याचा ६:४१ दिसला तेव्हा कळलं. १६६ पावलांत ६:४१ म्हणजे पाऊल ९० सेंटिमीटरवर आलेलं. ढकलून ते पुन्हा ९२.७ करायचा प्रयत्न केला तर पोटऱ्या दोन मिनिटांतच आखडल्या.

जवळ १६९ ची दुसरी छोटी यादी होती, नवव्याला ती लावली. पाऊल ९० च्या आसपासच राहिलं, पण मिनिटाला तीन पावलं वाढली आणि लॅप ६:३६ वर आला. शेवटच्या किलोमीटरचा ६:२९ हिशेबात धरू नका. शेवट दिसल्यावर मी गाणं ऐकतच नव्हतो.

दमल्यावर हरवलेली लांबी मला परत मिळवता येत नाही, पण थोडा जास्त केडन्स झेपतो. हे फक्त तीन-चार बीपीएमपुरतंच खरं आहे. एकदा सरावात थेट १७२ लावून पाहिलं होतं. कागदावर तो पेस ६:१६ व्हायला हवा होता, प्रत्यक्षात ६:२८ आला, कारण पाऊल आपोआप ९० वर आखडलं.

त्यानंतर यादी बदलली. पहिली ३२ मिनिटं १६६, पुढची १६ मिनिटं १६८, उरलेली १७०. फाइल एकच, दोन्ही बदल गाण्याच्या सांध्यावर, त्यामुळे धावताना फोनला हात लावावा लागत नाही. महिन्याभराने त्याच वाटेवर ६४:५२ लागले. सर्वांत संथ लॅप ६:३३ चा होता, पाचव्या किलोमीटरचा. तिथे १६८ चं पहिलं गाणं लागतं आणि त्याचा आलाप कापायचा मी विसरलो होतो.